रुपया ८० वर अडला आणि मग सुटला: २०२२ मध्ये आरबीआयने डॉलर कसे वापरले

जुलै २०२२ च्या मध्यावरची गोष्ट. आमच्या दाजींचं भोसरीत छोटं युनिट आहे, कोरियाहून मशीनचे पार्ट मागवतात, आणि त्यांचं २ लाख डॉलरचं पेमेंट ऑक्टोबरच्या मध्यावर द्यायचं होतं. डॉलर तेव्हा ७९ रुपये ९० पैशांच्या आसपास होता. मी म्हटलं, दाजी, फॉरवर्ड कव्हर घेऊन टाका, म्हणजे ऑक्टोबरच्या डॉलरचा भाव आजच बँकेशी ठरवून टाका, तीन महिन्यांचा प्रीमियम साधारण ६० पैसे पडतोय, ८०.५० ला फिक्स होईल आणि डोक्याला ताप नाही. तर ते म्हणाले, "अरे, आरबीआय बसलीय ना, ६०० अब्ज डॉलर घेऊन! ८० च्या पुढे जाऊ देणार नाहीत ते. उगाच सव्वा लाख रुपये बँकेला कशाला देऊ?"

कव्हर घेतलं नाही. पेमेंटच्या दिवशी डॉलर ८२.३५ ला होता. म्हणजे कव्हरच्या भावापेक्षा डॉलरमागे १ रुपया ८५ पैसे जास्त, दोन लाख डॉलरवर ३ लाख ७० हजार गेले.

दाजींचं जे चुकलं तेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून हे अख्खं प्रकरण नीट उलगडून लिहितोय. आरबीआयकडे डॉलर आहेत म्हणजे ती भाव धरून ठेवेल, हा तो गैरसमज. आपल्याकडे १९९३ पासून रुपयाचा भाव बाजारात ठरतो, पण आरबीआय अधूनमधून हात घालते, आणि हात घालताना ती अमुक एक आकडा राखायचं वचन कुणालाच देत नाही. तिचं कायद्यातलं वचन वेगळंच आहे, महागाईचं. २०१६ पासून चार टक्के, दोन वर दोन खाली, म्हणजे सहाच्या वर जायला नको. भाव सोडायचा बाजारावर, महागाई धरायची रेपो रेटने, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते त्या दराने, आणि साठवलेल्या परकीय चलनाची गंगाजळी वापरायची फक्त धक्के मऊ करायला. कागदावर अगदी सोपं आहे. २०२२ मध्ये या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या.

आधी काय घडलं ते बघू. २४ फेब्रुवारीला रशिया युक्रेनमध्ये घुसला, ब्रेंट क्रूड मार्चमध्ये काही काळ १३० डॉलरच्या वर गेलं, आणि आपण तर आपल्या गरजेचं साधारण ८५ टक्के तेल बाहेरून आणतो. तिकडे अमेरिकेत महागाई पेटलेली, तिथली मध्यवर्ती बँक फेड मार्चपासून व्याजदर वाढवत सुटली, जून, जुलै, सप्टेंबर असं सलग पाऊण-पाऊण टक्क्याने, मग काय, जगभरातला पैसा डॉलरकडे पळायला लागला आणि परदेशी गुंतवणूकदार आपल्या शेअर बाजारातूनही माल विकून निघाले. जानेवारीत ७४ च्या आसपास असलेला डॉलर मेमध्ये ७७ च्या वर, जुलैत ८० ला टेकला. एप्रिलचा महागाईचा आकडा आला ७.७९ टक्के. म्हणजे आरबीआयच्या दोन्ही बाजूंनी आग.

आता इथे बरेच जण म्हणतील की मग डॉलर विकून रुपया वर ढकलायचा, आयात स्वस्त होईल, महागाई खाली येईल, एका दगडात दोन पक्षी. पण आरबीआयचंच मॉनेटरी पॉलिसी रिपोर्टमधलं गणित बघा, रुपया अंदाजापेक्षा ५ टक्के घसरला तर महागाई साधारण ०.२ टक्क्यांनी वाढते. फक्त शून्य पॉइंट दोन. महागाई सात-साडेसातवर असताना ती सहाच्या खाली आणायला रुपया पकडून ठेवण्याने फार काही होणार नव्हतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या डॉलरचा तर हिशेबच नको. महागाई चढली होती ती तेल, खाद्यतेल, गहू, भाजी यांनी, आणि तिला उत्तर होतं रेपो.

ते उत्तर आलं ४ मेला, ठरलेल्या मीटिंगची वाट न बघता. रेपो ४ वरून ४.४० टक्के, त्याच दिवशी सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींचा जो हिस्सा आरबीआयकडे ठेवायचा तो, अर्धा टक्का वाढवायची घोषणा, बँकांकडचे साधारण ८७ हजार कोटी त्यात अडकले. मग जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरच्या शेवटी ५.९०. हा सगळा लढा महागाईशी होता, रुपयासाठी यातली एकही वाढ केली असं आरबीआय म्हणाली नाही.

मग डॉलर कशासाठी विकले? तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी २२ जुलैच्या भाषणात सांगून टाकलं की रुपयाची कुठलीही ठरावीक पातळी आमच्या डोक्यात नाही, पण उड्या आणि हेलकावे अजिबात चालवून घेणार नाही. हे नुसतं बोलायचं वाक्य वाटतं, पण करन्सी बाजारात अर्धा खेळ अपेक्षांचा असतो. रुपया एका दिशेनेच जाणार असं एकदा डोक्यात बसलं की निर्यातदार डॉलर आणून विकायचं लांबवतात, "अजून चढेल, थांबू", आयातदार उलट घाईघाईने तीन महिन्यांचं कव्हर आजच घेतात, परदेशी कर्ज घेतलेल्या आणि त्यावर कव्हर न घेतलेल्या कंपन्या धावपळ करतात, आणि जो रुपया महिन्यात दोन टक्के पडला असता तो आठवड्यात पाच टक्के पडतो. ती चेंगराचेंगरी थांबवण्यासाठी गंगाजळी.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते डीलिंग रूमच्या बाजूने बघितलेल्या कुणालाही विचारा. आरबीआय बोर्ड लावून बसत नाही. काही सरकारी बँकांच्या डीलर्सना निरोप जातो आणि त्या बँका आरबीआयच्या वतीने विकायला लागतात, बाजाराला नक्की कळत नाही की हा त्यांचा स्वतःचा माल आहे, क्लायंटचा आहे की आरबीआयचा. संध्याकाळच्या बातम्यांत "नॅशनलाइज्ड बँकांकडून डॉलरची विक्री दिसली" असं वाक्य आलं की समजायचं. सट्टा खेळणाऱ्याला विकणारा किती मोठा आहे ते दिसत नाही, हीच यातली ताकद.

किती विकले? जुलै २०२२ या एका महिन्यात आरबीआयने खरेदी वजा जाता १९ अब्ज डॉलर विकले. आता याची दुसरी बाजू, जी बातम्यांत येतच नाही. आरबीआय एक डॉलर विकते तेव्हा समोरची बँक ८० रुपये आरबीआयला देते आणि ते ८० रुपये बँकिंग सिस्टीममधून नाहीसे होतात, कारण आरबीआयकडे परत गेलेला रुपया म्हणजे चलनात नसलेला रुपया. १९ अब्ज गुणिले साधारण ७९ रुपये ६० पैसे, म्हणजे दीड लाख कोटी रुपये एका महिन्यात शोषले गेले. मेमधल्या सीआरआरवाढीने ८७ हजार कोटी अडकले होते आणि त्याच्या हेडलाइन झाल्या, इथे त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट पैसा गुपचूप गेला.

बँकांकडे एप्रिलच्या सुरुवातीला कोविडकाळातला भरमसाट जादा पैसा पडून होता, तो आटत आटत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सिस्टीम चक्क तुटीत गेली, तीनेक वर्षांनंतर पहिल्यांदा. त्यात अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा वगैरे हात होताच, पण डॉलरविक्री मोठी. आणि २०२२ चं नशीब असं की हे सगळं आरबीआयला हवंच होतं. महागाई जास्त, पैसा आटवायचाय, रेपो वाढवायचाय, आणि रुपया सावरण्यासाठी डॉलर विकले की पैसा आपोआप आटतो, दोन्ही हात एकाच दिशेने ओढतायत. म्हणून त्या वर्षी ही व्यवस्था दिसायला फार गुळगुळीत दिसली.

उलटा प्रसंग कसा असतो ते २०२५ च्या सुरुवातीला दिसलं. तेव्हाही रुपया पडत होता, आरबीआय डॉलर विकत होती, पण वाढ मंदावलेली आणि रेपो खाली आणायचा होता, ७ फेब्रुवारीला तो ६.५० वरून ६.२५ झालाही. म्हणजे एका हाताने व्याज कमी करतायत आणि दुसऱ्या हाताने डॉलर विकून बँकांचे पैसे ओढून घेतायत. मग ओढलेले पैसे परत द्यायला रोखे विकत घ्या, डॉलरचे बाय-सेल स्वॅप करा, म्हणजे आज बँकांकडून डॉलर घेऊन रुपये द्या आणि ठरलेल्या तारखेला ते डॉलर परत विका, जानेवारीअखेर ५ अब्जांचा, फेब्रुवारीअखेर १० अब्जांचा. घरात एक जण पंखा लावतोय आणि दुसरा हीटर, तसलं काहीतरी.

परत २०२२ वर येतो. गंगाजळीचा आकडा दर शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि तेव्हा टीव्हीवर दर आठवड्याला रडारड चालू होती. मार्चअखेर साधारण ६०७ अब्ज, २३ सप्टेंबरला ५३७ अब्ज आणि वर काही. सत्तर अब्ज उडाले! पण गंगाजळीत सगळे डॉलर नसतात. युरो, पाउंड, येन असतात, अमेरिकन सरकारचे रोखे असतात, सोनं असतं, आणि या सगळ्याची बेरीज डॉलरमध्ये करून दाखवतात. त्या सहा महिन्यांत युरो एका डॉलरच्याही खाली गेला, पाउंडची वाट लागली, येन तर विचारूच नका, आणि अमेरिकेत व्याज वाढल्यामुळे जुन्या रोख्यांच्या किमती पडल्या. दास ३० सप्टेंबरला म्हणाले की या आर्थिक वर्षातल्या घटीपैकी जवळपास ६७ टक्के घट फक्त या किमतींच्या बदलामुळे आहे. म्हणजे सत्तरातले ४६-४७ अब्ज कुणाला विकलेच नव्हते, कागदावर कमी झाले. खरे गेले ते २३ अब्जांच्या आसपास.

इथपर्यंत सगळेच सांगतात. पण हाही पूर्ण हिशेब नाही. आरबीआयने आदल्या दीड-दोन वर्षांत डॉलर आत येत होते तेव्हा पुढच्या तारखेला मिळणारे डॉलरही घेऊन ठेवले होते, मार्चअखेर ही फॉरवर्डची वही ६५ अब्जांच्या आसपास होती, आणि सप्टेंबरअखेर ती साधारण १० अब्जांवर आली. या वहीतले डॉलर गंगाजळीच्या शुक्रवारच्या आकड्यात मोजलेच जात नाहीत. म्हणजे किमतींच्या बदलामुळे घट होती त्यापेक्षा मोठी दिसत होती, आणि फॉरवर्डच्या वहीमुळे होती त्यापेक्षा लहान, दोन्ही चुका एकाच वेळी, आणि बहुतेक लोक आपल्याला सोयीची तेवढी एकच सांगत होते. मला विचाराल तर आरबीआयने खरोखर किती दारूगोळा उडवला हे बघायचं असेल तर शुक्रवारचा आकडा सोडून द्या आणि दोन महिने उशिरा येणाऱ्या आरबीआय बुलेटिनमधला डॉलर खरेदी-विक्रीचा तक्ता उघडा, त्यात महिन्याची खरेदी, विक्री आणि शिल्लक फॉरवर्ड असं तिन्ही असतं.

त्याच तक्त्यातून आणखी एक गोष्ट कळते. २०२२-२३ या पूर्ण वर्षात आरबीआयने साधारण २१३ अब्ज डॉलर विकले आणि १८७ अब्ज विकत घेतले, निव्वळ विक्री फक्त साडेपंचवीस अब्ज. हे धक्के मऊ करणाऱ्याचं लक्षण आहे, दोन्ही बाजूंना भरपूर उलाढाल आणि निव्वळ कमी. भाव धरून बसलेली बँक एकाच बाजूला विकत जाते आणि संपते.

मग आरबीआय ८० ला भाव धरून बसली होती की नाही? माझं मत असं की ऑगस्ट ते सप्टेंबर मध्यापर्यंत थोडी बसली होती. २९ ऑगस्टला डॉलर ८० च्या वर डोकावला आणि परत खाली आला, मग तीन आठवडे ८० च्या आत-बाहेर रेंगाळत राहिला, जगातल्या बाकी करन्सी धडाधड पडत असताना. हेच ते दिवस जेव्हा दाजींसारख्यांना वाटलं की भिंत आहे. २१ सप्टेंबरच्या रात्री फेडने पुन्हा पाऊण टक्का वाढवला आणि पुढेही वाढवणार असं स्पष्ट केलं, दुसऱ्या दिवशी रुपया एकदम ८०.८६ ला बंद झाला, २८ तारखेला ८२ च्या उंबऱ्यावर आणि २० ऑक्टोबरला दिवसभरात ८३ च्याही वर. चार आठवड्यांत तीन रुपये. जो धक्का मऊ करायचा तो ८० वर अडवून साठवला आणि एकदम सोडला, असं कुणी म्हणालं तर मी फार भांडणार नाही.

पण सोडला हेही बरोबरच केलं. मोठ्या करन्सींसमोर डॉलर किती तगडा ते दाखवणारा डॉलर इंडेक्स तेव्हा ११४ वर होता, वीस वर्षांतला उच्चांक, म्हणजे भानगड रुपयाची नव्हती, डॉलरच चढलेला होता, आणि जागतिक लाटेसमोर ८० साठी गंगाजळी ओतत बसायचं म्हणजे पेशव्यांच्या काळातली वतनं वाटण्यासारखं झालं असतं, तिजोरी रिकामी आणि हाती काही नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गंगाजळी ५२४ अब्जांवर होती, तिथून वळली आणि मार्च २०२३ ला ५७८ अब्जांच्या आसपास आली.

२०१३ आठवतंय का कुणाला? तेव्हा गंगाजळी होती २७५ अब्जांच्या आसपास, चालू खात्यातली तूट मोठी, आणि ऑगस्टअखेर रुपया ६८.८० ला गेला. तेव्हा आरबीआयला रुपया वाचवायला व्याजदराचंच हत्यार उचलावं लागलं होतं, जुलैच्या एका रात्रीत एमएसएफ, म्हणजे बँकांना आरबीआयकडून तातडीने मिळणाऱ्या पैशाचं व्याज, दोन टक्क्यांनी वाढवून १०.२५, आणि मग एफसीएनआर, म्हणजे एनआरआय लोकांच्या परकीय चलनातल्या ठेवींसाठी बँकांना साडेतीन टक्क्यांत स्वॅप, म्हणजे करन्सीची रिस्क आरबीआयने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि २६ अब्ज डॉलर आणले. दुबई-न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी लोकांना त्या वेळी बँकेचे फोन आले असतील. २०२२ च्या जुलैमध्येही एनआरआय ठेवींवरच्या व्याजाची मर्यादा काढली, त्यांच्यावर सीआरआर आणि सरकारी रोख्यांत पैसे ठेवायची सक्ती, एसएलआर, माफ केलं, कंपन्यांना परदेशी कर्जाची मर्यादा दुप्पट करून दीड अब्ज केली, पण स्वॅपची गोड ऑफर दिली नाही, द्यायची वेळच आली नाही. गंगाजळी मोठी असण्याचा खरा फायदा हाच, रेपो रुपयासाठी वापरावा लागला नाही, तो महागाईसाठी मोकळा राहिला.

महागाईचं काय झालं? वचन मोडलं. सलग तीन तिमाही सरासरी सहाच्या वर गेली, आणि कायद्याच्या ४५ झेडएन कलमाप्रमाणे असं झालं की आरबीआयला सरकारला पत्र लिहून कारणं, उपाय आणि किती वेळ लागेल ते सांगावं लागतं. त्यासाठी ३ नोव्हेंबरला पतधोरण समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं, जनतेला दाखवलं नाही. रुपया नऊ-दहा टक्के घसरला त्याबद्दल मात्र कायद्याने कुणालाही पत्र लिहावं लागत नाही! नोव्हेंबरचा महागाईचा आकडा ५.८८ आला, सहाच्या आत.

एक गंमत राहिली. आरबीआयने हे डॉलर स्वस्तात घेतलेले होते, सरासरी खरेदी बाजारभावाच्या बरीच खाली, आणि विकले ८० ला. त्या वर्षी परकीय चलन व्यवहारांतून तिला १ लाख ३ हजार कोटींचं उत्पन्न झालं आणि सरकारला ८७,४१६ कोटींचा सरप्लस गेला, आदल्या वर्षी तो ३०,३०७ कोटी होता. रुपया पडला की आरबीआयला नफा आणि सरकारला चेक.

खरी कुरकुर नंतरच्या काळाची आहे. ८३ च्या आसपास गेल्यावर आरबीआयने डॉलर पुन्हा गोळा करायला सुरुवात केली आणि २०२३ भर रुपया जवळजवळ हललाच नाही, ८१ आणि ८३ च्या थोडं वर या पट्ट्यात. आयएमएफने डिसेंबर २०२३ च्या अहवालात डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळासाठी आपलं वर्गीकरण बदललं, फ्लोटिंगमधून काढून स्थिर ठेवलेली व्यवस्था म्हणून टाकलं. आरबीआयला ते अजिबात पटलं नाही, पण आकडे बघितले तर आयएमएफचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. धक्के मऊ करता करता धक्केच बंद केले की लोक कव्हर घ्यायचं सोडतात. त्यात फॉरवर्ड प्रीमियमही खाली आलेला, वर्षाचा दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे विमा स्वस्त झाला होता आणि तरी कुणी घेत नव्हतं, कारण पाऊसच पडत नव्हता.

दाजींनी २०२२ च्या फटक्यानंतर वर्षभर इमानदारीत प्रत्येक बिलाला कव्हर घेतलं, दर वेळी प्रीमियम वाया गेला, मला दर वेळी फोनवर ऐकवलं, आणि २०२४ मध्ये बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलर ८५ झाला आणि फेब्रुवारीत ८७. त्या दिवशी फोन आला, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "अरे, ते फॉरवर्ड आता कितीला पडतं रे?"